काटा साठ दाखवतो, पण टाकीत युनिट किती?

लातूरच्या एका वसतिगृहावर दोनशे लिटरचा सोलर बसवला. तो ताब्यात घेताना भरायच्या कागदात एकच रकाना आम्हाला नडला: ‘साठवलेली उष्णता, किलोवॉट-तासांत’. कागद दोनदा परत आला. बाकी जोडणी एका दिवसात उरकली होती, तिच्यात सांगण्यासारखं काही नाही.

हिशेब तसा तोंडी होतो. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते आणि ८६० किलोकॅलरी म्हणजे एक किलोवॉट-तास, आपलं विजेच्या बिलातलं एक युनिट. म्हणून लिटर गुणिले वाढलेले अंश, भागिले ८६०. बसवणाऱ्याने वरच्या काट्यावरचे ६१ अंश धरले, गार पाण्याचे २४ वजा केले आणि ८.६ युनिट लिहून मोकळा झाला. “काटा दाखवतोय की, साहेब!” काटा खोटं बोलत नव्हता, पण तो टाकीच्या माथ्यावर होता. गरम पाणी हलकं, ते वर जाऊन बसतं आणि तळाशी कोमटच राहतं. सरासरी काढल्याशिवाय या सूत्राला अर्थ नाही.

मग सूर्य मावळल्यावर गार पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला आणि तळाच्या नळाने टाकी रिकामी केली, वीस-वीस लिटरच्या दहा बादल्या. प्रत्येक बादली ढवळून लगेच थर्मामीटर बुडवला. पहिली ३३ अंश, मग ३६, ४१, ४७, ५२, ५६, ५८, ६०, ६१, ६१. सरासरी ५०.५, म्हणजे वाढ २६.५. दोनशे गुणिले २६.५ म्हणजे ५३००, भागिले ८६०: ६.१६ युनिट. कागदावर जवळजवळ अडीच युनिट हवेतली होती!

हे करताना टाकीवरची हवेची नळी उघडी आहे ना, ते आधी बघा. ती चोंदलेली असेल तर पाणी उतरताना आत पोकळी होऊन पातळ पत्र्याची टाकी आत चेपते. आणि हे काम उन्हात कधीच नको. काचेच्या नळ्या कोरड्या तापल्या आणि वरून गार पाणी आलं की तडकतात. टाकी उजाडायच्या आत परत भरून ठेवा. उतरवलेलं पाणी हौदात घ्या, आपल्याकडे ते गटारात सोडणं परवडत नाही.

एक राहिलंच. गार पाण्याचे अंश पुस्तकातून घेऊ नका, टाकी भरताना नळाखालीच मोजा. एप्रिलात गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी ३२ वर असेल, तर याच ५०.५ सरासरीला वाढ १८.५ एवढीच, म्हणजे ४.३ युनिट. आंघोळीला पाणी तेवढंच गरम, पण सोलरने त्यात घातलेली उष्णता कमी.

तिसऱ्यांदा कागदाला दहा बादल्यांचा तक्ता जोडला, तेव्हा कुठे सही झाली.