आमची वाटचाल : ‘ए.कु.मॅ.’ या तीन अक्षरांपासून

तालुक्याच्या कोर्टासमोर एक खोली आणि एक टायपिस्ट, एवढ्यावर मी वकील म्हणून जमिनीच्या कागदपत्रांची तपासणी सुरू केली. तेव्हा माझी तपासणी म्हणजे चालू सातबारा, आठ-अ आणि इंडेक्स टूचा तीस वर्षांचा सर्च. सातबारावर एकच नाव आणि इतर हक्कात बोजा नसला, की मी निर्धास्त असे.

तीन एकरांच्या एका व्यवहारात मात्र चांगलाच हबकलो. सातबारा स्वच्छ होता, भोगवटादार एकटाच होता, इसारही देऊन झाला होता. सहज म्हणून त्याच्या नावाशेजारच्या वर्तुळातला फेरफार नंबर काढला. नोंद 1968 ची, वडिलांच्या मृत्यूनंतरच्या वारसांची. त्यात तीन मुलगे, दोन मुली. कब्जेदार म्हणून थोरल्याचं नाव, पण त्यापुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. जमीन पाचांची, नाव फक्त कारभाऱ्याचं.

मग ती अक्षरं गेली कुठे? अभिलेख कक्षातून जुने हस्तलिखित सातबारे काढून ओळीने लावले. एका पुनर्लेखनात नाव उतरलं, शेपूट गळलं. मधल्या काळात वाटपाचा किंवा हक्कसोडीचा एकही फेरफार नव्हता, आणि फेरफाराशिवाय झालेला बदल म्हणजे लिहिणाऱ्याची चूक. अशी चूक तहसीलदार महसूल संहितेच्या कलम 155 खाली दुरुस्त करू शकतात. पण भावाबहिणींचा हिस्सा मुळात गेलेलाच नव्हता. सातबारा महसुलाचा कागद आहे, मालकी त्याने जन्माला येत नाही. घेणाऱ्याने इसार परत घेतला. दोन वर्षांनी सगळ्या वारसांच्या सह्यांनी त्याच जमिनीचं खरेदीखत झालं.

तेव्हापासून आम्ही सातबारा उलटा वाचतो : आजच्या नावापासून मागे, एकेका फेरफारावरून, नाव पहिल्यांदा कसं लागलं तिथपर्यंत. मधला एखादा फेरफार मिळाला नाही, तर अहवालात तसं स्पष्ट लिहितो. ‘टायटल शंभर टक्के क्लिअर’ हे वाक्य आमच्या अहवालात सापडणार नाही. तोंडी वाटप किंवा नोंदणी न झालेला साठेखताचा कागद सर्चमध्ये दिसतच नाही. म्हणून वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवतो आणि शेजारच्या बांधावरही विचारतो. (बांधावरची माहिती बऱ्याचदा जास्त पक्की निघते.)

बोर्ड मोठा का लावत नाही, असं लोक विचारतात. बार कौन्सिलच्या नियम 36 नुसार वकिलाला जाहिरात करून किंवा मध्यस्थामार्फत काम मागता येत नाही. एजंटांनी ‘पार्टी पाठवतो, कमिशन ठेवा’ म्हटलं, तेव्हा नकार दिला, आणि काही महिने खोली रिकामी राहिली. या लेखातही म्हणून कार्यालयाचं नाव, फोन किंवा तपासलेल्या व्यवहारांचा आकडा नाही. तुमच्या सातबाऱ्यावरचा नावाशेजारचा फेरफार नंबर तुम्हीही तलाठी कार्यालयात दाखवून फेरफाराची नक्कल मागू शकता. त्यासाठी माझी गरज नाही.