घरघंटीच्या मोटरचा दोर-ब्रेक: ताणकाट्यातले तीनशे ग्रॅम आणि सुधारलेला आलेख

जुन्या घरघंटीची मोटर प्रत्यक्षात किती शक्ती देते आणि किती वीज वाया घालवते, हे तिच्या शाफ्टवरच्या ड्रमवर दोर घासून मोजतोय. मागच्या नोंदीत हा ड्रम तयार झाल्याचं लिहिलं होतं. आता वाचनं हातात आली आहेत. कार्यक्षमतेचा पहिला आलेख चुकीचा निघाला, दुसऱ्यावर माझा विश्वास आहे. चूक कुठं होती आणि ती कशी सापडली, हे सविस्तर लिहितो, कारण दोर-ब्रेक करणाऱ्या कुणालाही ती भेटू शकते.

मोटर जुन्या घरघंटीतली आहे: १ एचपी, सिंगल फेज, ४ पोल, कपॅसिटर फक्त सुरुवातीपुरता, वेग आला की आतला सेंट्रिफ्युगल स्विच त्याला तोडतो. गुहागरला मागच्या पडवीत लाकडी चौकटीवर ती बसवली आहे. शाफ्टवर १५० मिमी व्यासाचा बिडाचा ड्रम आहे. लेथवाल्या काकांनी तो आतून पोकळ आणि कडेला आत वळलेल्या ओठाचा करून दिला, म्हणजे फिरताना आत पाणी धरून ठेवतो. ड्रमवर दोराचा एक पूर्ण वेढा. वरचं टोक चौकटीच्या आडव्या दांडीला लटकवलेल्या ताणकाट्याला, खालच्या टोकाला लोखंडी मापं.

मापं कोणत्या बाजूला लावायची यावर सगळं अवलंबून आहे. ड्रमचा पृष्ठभाग मापांना वर उचलायला बघेल, अशा दिशेनं मोटर फिरली पाहिजे. मग घट्ट बाजूला मापांचं वजन W आणि सैल बाजूला काट्याचा ताण S राहतो. घर्षण अचानक वाढलं तर माप किंचित वर उचललं जातं, त्याबरोबर काट्याची स्प्रिंग सैल पडते, S कमी होतो आणि पकड आपोआप सुटते. घर्षण कमी झालं तर माप खाली येऊन काटा ताणतं आणि पकड वाढते. पहिल्या दिवशी मी मोटर उलट फिरवली होती. तेव्हा घट्ट बाजू काट्याकडे गेली, सावरायला काहीच उरलं नाही आणि काट्याचा दर्शक अर्ध्या पट्टीवर वरखाली नाचत होता. सुरुवातीच्या वाइंडिंगची दोन टोकं अदलाबदल केली आणि नाच थांबला.

पूर्ण वेढ्याचा आणखी एक फायदा आहे. दोराची दोन्ही टोकं एकाच बाजूनं सुटतात, एक वर आणि एक खाली, त्यामुळे बेअरिंगवर W − S इतकाच भार येतो. अर्ध्या वेढ्यात दोन्ही टोकं खाली घेतली असती तर दोन्ही ताणांची बेरीज बेअरिंगवर आली असती. एक मात्र बघावं लागतं: वेढे एकमेकांवर चढता कामा नयेत. त्यासाठी दोराला लाकडाचे तीन छोटे ठोकळे बांधले आहेत, ते त्याला जागेवर ठेवतात. आणि मापांना जमिनीतल्या कडीपासून एक सैल साखळी बांधलेली आहेच. दोर जळून चिकटला तर आठ किलो लोखंड ड्रमवरून पलीकडे भिरकावलं जाईल, तेव्हा ही साखळी हवीच.

दोराचं म्हणाल तर आधी सुंभ वापरून बघितलं, घरात भरपूर होतं म्हणून. काथ्याचा पीळ ड्रमवर टप्प्याटप्प्यानं घासतो, जाडी जागोजागी वेगळी भरते, वाचन स्थिर होत नाही. मग १० मिमीचा सुती दोर घेतला. ड्रमवर ताणलेला असताना व्हर्नियरनं त्याची जाडी मोजली, तीही १० मिमीच भरली. त्रिज्या दोराच्या मध्यापर्यंत धरायची, म्हणून ७५ अधिक ५, म्हणजे ८० मिमी. हे ५ मिमी विसरले तर टॉर्क, म्हणजे शाफ्ट फिरवण्याचा जोर, सहा टक्क्यांहून जास्त कमी येतो. पावसाच्या दमट हवेत दोर मिलीमीटरभर फुगला तरी फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास राहतो, तेवढा मी सोसतो.

```
T = (W − S) × g × R
P = 2π × N × T / 60
कार्यक्षमता = P / वॅटमीटरचं वाचन
```

T म्हणजे टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये, P म्हणजे बाहेर मिळणारी शक्ती वॅटमध्ये, W आणि S किलोत, R म्हणजे त्रिज्या मीटरमध्ये, N मिनिटाला फेरे. कोकण किनाऱ्यावर समुद्रसपाटीला g सुमारे ९.७९ येतं. ९.८१ धरलं तरी फरक पाव टक्काही नाही, पण बरोबर आकडा माहीत असताना तोच घातला. घर्षणांक कुठंही लागत नाही हे लक्षात घ्या. दोर कोरडा असो वा शिंतोड्यांनी ओला, S बदलेल, पण वजाबाकी खरा टॉर्कच देईल. मला या पद्धतीतलं हेच सर्वात आवडतं.

आत जाणाऱ्या विजेसाठी वॅटमीटरच हवा. भार नसताना माझी मोटर २३० व्होल्टवर ४.६ अँपिअर घेते. गुणाकार हजाराच्या वर जातो, प्रत्यक्षात वॅट फक्त १४५. व्होल्टेज कमीजास्त करणाऱ्या डिमरस्टॅटनं ते प्रत्येक वाचनाच्या वेळी २३० वर आणत होतो, कारण संध्याकाळी आमच्याकडे ते बरंच खाली येतं आणि मग सरक, म्हणजे मोटरच्या वेगातली घट, वाढते, आलेखच बदलतो.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या दुपारी वाचनं घेतली आणि कार्यक्षमता आली ७५ टक्क्यांपर्यंत. जुन्या सिंगल फेज मोटरला हे छानच. पण काकांनी वही बघितली आणि विचारलं, "अरे, दोन किलोला मोटरचा तोटा भार नसतानापेक्षा कमी कसा?"

मी कार्यक्षमतेचाच स्तंभ बघत होतो, तोट्याचा मांडलाच नव्हता. भार नसताना आत जाणारे १४५ वॅट सगळेच तोटा असतात: लोखंडातला, घर्षणातला आणि चुंबकीय प्रवाहामुळे तांब्यातला. २ किलो लावल्यावर आत ३५५ वॅट आणि बाहेर, माझ्या हिशेबानं, २३१. तोटा १२४. ४ किलोला १५२. म्हणजे मध्ये खड्डा. अशा मोटरमध्ये भार वाढला की प्रवाह वाढतो, तांब्यातली उष्णता वाढते. तोटा खाली येण्याचं कारणच नाही. (कपॅसिटर कायम जोडलेला असतो त्या मोटरमध्ये सुरुवातीला असा उतार खरोखर दिसू शकतो, म्हणून ही कसोटी तिथं जपून वापरावी.) वॅटमीटर आधी बल्बवर तपासला होता, वेग ऑप्टिकल टॅकोमीटरचा. उरला टॉर्क, आणि तो जास्त दाखवला जात होता.

"काटा उघडला होतास ना मे महिन्यात?" काका म्हणाले. उघडला होता. खाऱ्या हवेनं स्प्रिंगला तांबेरा चढला होता, तो रॉकेलनं साफ केला आणि पुन्हा बसवताना वरचा शून्याचा नट दोन आटे जास्त आवळला. त्यामुळे दर्शक वरच्या खिट्टीवर दाबून बसला. रिकामा असताना काटा बरोबर शून्यच दाखवत होता, म्हणून मला शंका आली नाही. प्रत्यक्षात पहिले ३०० ग्रॅम स्प्रिंगचा तो दाब सोडवण्यातच जात होते. मापं लटकवून बघितलं: १ किलोला ७०० ग्रॅम, २ किलोला १ किलो ७००, ३ किलोला २ किलो ७००. सगळीकडे तोच फरक. मापं एकेक काढत उतरतानाही हीच वाचनं आली, म्हणजे कुठं घासत नव्हतं, फक्त शून्य सरकलं होतं.

म्हणून काटा तपासताना रिकामा शून्य बघू नका. माहीत असलेली दोन-तीन मापं लावा, चढताना आणि उतरतानाही. चढताना आणि उतरताना वेगळं दिसलं तर घासतंय, दोन्ही वेळा सारखंच कमी दिसलं तर शून्य.

नट सैल केला, खिट्टी आणि दर्शक यांच्यात केसभर फट ठेवली आणि सगळं पुन्हा घेतलं.

| W किलो | S किलो | फेरे/मि. | बाहेर वॅट | आत वॅट | तोटा वॅट | कार्यक्षमता |
|---|---|---|---|---|---|---|
| ० | ० | १४९२ | ० | १४५ | १४५ | ० |
| २ | ०.४ | १४८२ | १९४ | ३५५ | १६१ | ५५% |
| ४ | ०.८ | १४७२ | ३८६ | ५७५ | १८९ | ६७% |
| ६ | १.२ | १४६० | ५७५ | ८११ | २३६ | ७१% |
| ८ | १.७ | १४४६ | ७४७ | १०५९ | ३१२ | ७१% |
| ९.५ | २.० | १४३० | ८८० | १२७६ | ३९६ | ६९% |

चौथ्या ओळीचा हिशेब उदाहरणादाखल: ६ वजा १.२ म्हणजे ४.८ किलो. गुणिले ९.७९, गुणिले ०.०८०, टॉर्क ३.७६ न्यूटन-मीटर. १४६० फेऱ्यांना ५७५ वॅट. चुकलेल्या काट्यानं याच जागी ०.९ दाखवलं असतं आणि बाहेर ६११ वॅट निघाले असते, म्हणजे ७५ टक्के. दोन किलोला मात्र तेच ३०० ग्रॅम ५५ चे ६५ टक्के करून टाकतात. हलक्या भाराला चूक जास्त बोचते, म्हणून आलेखाचा डावा भाग आधी तपासावा.

तोट्याचा स्तंभ आता सरळ चढतो. दुसरी तपासणी टॉर्क आणि वेगाची: भार नसतानाच्या वेगापासून किती फेरे घटले हे टॉर्कसमोर मांडलं तर पहिले बिंदू जवळपास सरळ रेषेत शून्याकडे येतात. १० फेरे घटले तेव्हा टॉर्क १.२५, २० घटले तेव्हा २.५. पुढे रेषा वाकते, ते अपेक्षितच. चुकीच्या काट्याची रेषा शून्याच्या वर कुठेतरी कापत होती.

ही वाचनं मोटर फारशी तापायच्या आत घेतली आहेत, आणि भारही ८ व ९.५ किलोपासून खाली उतरत लावला. पूर्ण भाराला साडेसातशे वॅट ड्रममध्ये उष्णता होऊन बसतात. आतलं पाव लिटर पाणी काही मिनिटांतच उकळायला लागतं. आणि मोटर बंद केली की ते सगळं खाली ओततं. खाली परात ठेवा, माझी पहिली वही त्यातच भिजली.

काल मोटर गरम करूनही बघितली. सलाइनच्या नळीनं ड्रममध्ये थेंब थेंब पाणी सोडत ८ किलोवर चाळीस मिनिटं चालवली. सुमारे सहाशे मिली पाणी वाफ होऊन गेलं. उष्णता फक्त पाण्यानं नेली असती तर सुमारे सातशे लागलं असतं, बाकीची वाऱ्यानं नेली. S १.७ च राहिला, वेग १४३८ वर आला, आत १०७४ वॅट, बाहेर ७४३. म्हणजे गार असताना ७०.५ असलेली कार्यक्षमता गरम झाल्यावर ६९.२. वाइंडिंग तापलं की तांब्याचा रोध वाढतो, त्याची ही किंमत. बाकीचे भारही असेच चाळीस-चाळीस मिनिटं चालवून दुसरी रेषा काढायची आहे. त्यासाठी ड्रमच्या वर वाफ जायला पत्र्याचं छोटं धुराडं करतोय, कारण पडवीच्या कौलांखालचे वासे आताच ओले दिसायला लागलेत.