विसर्जनानंतरचे मित्र

रविवार, रात्रीचे साडेअकरा

फोटोत पुठ्ठ्याच्या खोक्यांवर बसून वडापाव खाणारे तिघे आहेत ना, ते माझे मित्र. खाली दोनच ओळी टाकायच्या होत्या, पण "नवं शहर, नवे दोस्त" असलं काही लिहायला हात धजेना. त्यात मधली सगळी भानगड गाळली जाते. म्हणून आजची रोजनिशीच इथे डकवते. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी फोटो बघून पुढे जावं, मी रागावणार नाही.

छत्तिसाव्या वर्षी नांदेड सोडून पुण्यात आले. नोकरी हिंजवडीत, राहणं कर्वेनगरात. ऑफिसातली माणसं चांगली होती, अजूनही आहेत. डबे एकत्र उघडायचो, वाढदिवसाला केक कापायचो. पण सात वाजले की जो तो आपापल्या बसच्या मागे. सोमवारी कुणी विचारायचं, "शनिवार-रविवार कसा गेला?" मी म्हणायचे, "मस्त." मस्त म्हणजे काय, तर मशीनला कपडे लावले, आईशी फोनवर बोलले आणि दुपारी झोपले. नांदेडात मैत्रिणी शाळेतून आल्या, गल्लीतून आल्या, एक तर चुलत बहिणीच्या लग्नात भांडून झाली. त्यासाठी वेगळं काही करावं लागतं, हे तोवर माहीतच नव्हतं.

पावसाळा तोंडावर आला की पुण्यात ढोलपथकांचे फलक लागतात, "नवीन वादक नोंदणी सुरू". मला ढोलाची आवड वगैरे काही नव्हती. संध्याकाळी घर फार शांत असायचं आणि नदीकडून तो आवाज यायचा, एवढंच कारण. गेले आणि नाव नोंदवलं. पोरं विशीतली, मला लगेच "ताई" केलं. पथकात सगळेच एकमेकांचे दादा-ताई असतात. त्यामुळे कुणाशी काय नात्यानं बोलायचं हा प्रश्न पहिल्याच दिवशी सुटतो.

तिथे काय होतं ते नीट सांगते, कारण माझ्या मते सगळं त्यातच आहे.

ढोल कमरेला बांधायचा असतो आणि तो एकटीला धड बांधता येत नाही. पुढून आपण ढोल तोलून धरायचा आणि मागून दुसऱ्या कुणी आवळून गाठ मारायची. सैल राहिला तर दहा मिनिटांत मांडीवर आपटायला लागतो, फार आवळला तर श्वास पुरत नाही. म्हणजे रोज संध्याकाळी कुणाला तरी "जरा बांधता का?" म्हणावंच लागतं आणि नंतर त्याचा बांधावा लागतो. माझ्या शेजारी जो उभा असायचा तो बार्शीचा, बँकेत नोकरीला, बदलीवर आलेला. त्याला सगळे बार्शीकरच म्हणतात. पहिले कित्येक दिवस आमचं संभाषण म्हणजे "घट्ट झालं?" आणि "अजून थोडं."

एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताची थाप, आणि नजर ताशाकडे. ताशा सांगेल तसं ढोलानं जायचं. ताशाला सदाशिव पेठेतली एक पोरगी होती. ती चुकणाऱ्याकडे अशी बघायची की माणूस आपोआप सुधारावा. त्या आवाजात बोलणं शक्यच नसतं. कानात कापसाचे बोळे घातलेले असतात, हाताला फोड येऊ नयेत म्हणून बोटांना चिकटपट्टी गुंडाळलेली असते. बोलणं व्हायचं ते मधल्या विश्रांतीत: पट्टी बदलताना, ढोलाच्या दोऱ्या ताणताना, नाहीतर चहाच्या टपरीवर. तेही पाच-सात मिनिटंच, मग पुन्हा शिट्टी. माझ्यासारखीला हे फार सोयीचं पडलं. समोरासमोर बसून "तुमचे छंद काय?" असं बोलायला लागले की मला घाम फुटतो. इथे गप्पा रंगायच्या आत ढोल सुरू व्हायचा आणि राहिलेलं वाक्य दुसऱ्या दिवशी पुरं करायला निमित्त असायचं.

खडकवासल्यातून पाणी सोडलं, भिडे पूल पाण्याखाली गेला, की नदीपात्रातला सराव बंद. अशा दिवशी घरी जायचं सोडून आम्ही काही जण तिथेच कुठेतरी आडोशाला उभे राहायचो. वाजवायला काही नाही, तरी थांबलो आहोत, असं ते चालायचं. पथकातले काका तिथेच सापडले. वय चाळीसच, पण केस पांढरे म्हणून काका. ते घरी आईसोबत एकटेच असतात हे मला त्या उभं राहण्यातच कळलं, सरावात कधी कळलं नसतं.

पुढे कधीतरी जेफ्री हॉल या अमेरिकी संशोधकाचा 2018 सालचा अभ्यास वाचनात आला. नुकतंच गाव बदललेल्या साडेतीनशेहून अधिक प्रौढांना त्यानं विचारलं होतं, की नवीन भेटलेल्या माणसासोबत तुम्ही किती वेळ घालवला आणि आता ते तुमचे कोण लागतात. नुसत्या ओळखीचा माणूस जुजबी मित्र व्हायला साधारण 50 तास लागतात, मित्र म्हणावा इतका जवळ यायला 90 च्या आसपास आणि जिवलग व्हायला 200 हून जास्त, असं त्यातून निघालं. लोकांनी आठवून सांगितलेले तास आहेत, तेव्हा आकडा काटेकोर धरू नये. पण त्यातली एक गोष्ट मला फार पटली. कामाच्या निमित्तानं सोबत काढलेले तास तितके लागू पडत नाहीत. ऑफिसात मी त्याच माणसांबरोबर शेकडो तास काढले होते आणि तरी कुणाच्या घरचा पत्ता माहीत नव्हता, त्याचा थोडा उलगडा झाला. पथकात रोजचे दोन-अडीच तास, तेही दोनेक महिने. हिशेब केला तर शंभराच्या घरात सहज जातो. आणि त्यात आडोशाला उभं राहणं, टपरी, पार्किंगमध्ये अर्धा तास रेंगाळणं हे सगळं धरलेलं नाही.

मिरवणुकीबद्दल सगळे लिहितात, मी लिहीत नाही. पाय सुजले, आवाज बसला, भारी वाटलं.

खरी परीक्षा नंतर होती. अनंत चतुर्दशीनंतर पथकाच्या ग्रुपवर आधी फोटोंचा पूर, मग "कुणाचा फेटा राहिलाय का?", मग जमाखर्च, मग सामसूम. रोज ज्यांच्यासोबत घाम गाळला त्यांना भेटायला आता काही कारणच नव्हतं. मोसमी मैत्री इथेच संपते, आणि त्यात कुणाचा दोष नसतो. ढोल गोदामात गेला की "जरा बांधता का?" म्हणायची सोय जाते. कोण नुसता सोबतीचा होता आणि कोण आपला, हे पहिल्या रिकाम्या आठवड्यात कळतं. पाहायचं इतकंच, की कार्यक्रम नसताना कुणी भेटायचं नाव काढतं का.

कुणी काढेना. मीही नाही. बार्शीकरला मेसेज लिहायचा आणि खोडायचा, असं चाललेलं. वाटायचं, त्याला त्याचं जग आहे, मी उगाच चिकटते असं वाटायला नको. एकमेकांना नव्यानं भेटलेली माणसं बोलून उठली, की समोरच्याला आपण किती आवडलो याचा अंदाज बहुतेक जण कमीच लावतात, असंही एक संशोधन आहे, तेही 2018 चंच. तेव्हा मला ते माहीत नव्हतं. नंतर कळलं की बार्शीकर त्याच आठवड्यात मला मेसेज लिहून खोडत होता. ताशेवाली मात्र म्हणाली, "मी नव्हते लिहीत. मला वाटलं तुम्हा मोठ्या लोकांना वेळ नसतो."

कोंडी फुटली ती घरमालकामुळे. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट संपत आलं आणि त्यांना फ्लॅट हवा होता. वारज्यात दुसरी जागा मिळाली. टेम्पो ठरवला होता, हमाल ठरवले होते, म्हणजे मदतीची तशी गरज नव्हती. तरी तिघांना वेगवेगळा मेसेज टाकला: "शनिवारी घर बदलायलेय. सामान फार नाही, पण एकटीला कंटाळा येईल. येता का?" ग्रुपवर टाकला नाही, हे मुद्दाम. ग्रुपवर विचारलं की प्रत्येकाला वाटतं दुसरा जाईल. आणि "कधीतरी भेटू या"ही लिहिलं नाही. कधीतरीला कुणी नाही म्हणत नाही आणि कुणी येतही नाही. वार, वेळ आणि करायचं काम सांगितलं की माणसाला हो किंवा नाही म्हणता येतं.

तिघंही आले. काकांनी येताना पक्कड, टेस्टर आणि चिकटपट्टी आणली. ताशेवालीनं माझी पुस्तकांची खोकी उघडून, न विचारता, स्वतःच्या मनानं कपाटात लावली आणि वर म्हणाली, "निम्मी तुम्ही वाचलेली नाहीत." बार्शीकरनं गॅसची नळी जोडली, साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहिलं आणि मग पहिला चहा झाला. मी नांदेडच्या सवयीनं ओरडले, "ए, काय करायलास, तो कप फुटकाय!" आणि माझ्या लक्षात आलं, की पुण्यात आल्यापासून ऑफिसात, दुकानात, सगळीकडे मी जपून, पुस्तकी बोलत होते. ते तिघं हसले. बार्शीकर म्हणाला, "हां, आता बोलली खरी." फोटो त्यानंतरचा आहे, हमालानं काढलेला. म्हणून थोडा तिरका आलाय.

सगळं छानच झालं असंही नाही. पथकातली आणखी एक जण, जिच्यासोबत मी सगळ्यात जास्त बोलायचे, ती दिवाळीनंतर दिसली नाही. दोनदा वार ठरवून विचारलं, दोनदा तिला जमलं नाही, मग मी थांबले. वाईट वाटलं. भेटली तर अजूनही आम्ही मिठी मारू, पण ती मैत्री नदीपात्रापुरतीच होती. नांदेडच्या मैत्रिणींची जागाही या तिघांनी घेतलेली नाही. माझे बाबा गेले तेव्हा मी कशी होते हे यांना माहीत नाही, आणि ते सांगून कळण्यातलं नाही. बार्शीकरशी पैशांवरून एकदा वाजलंही. त्यानं सहलीचा हिशेब दोन महिने लांबवला आणि मी तोंडावर विचारलं. चार दिवस अबोला होता. पाचव्या दिवशी त्याचा मेसेज आला, पैसे आले, आणि खाली "बिल तूच ठेवत जा इथून पुढे" असं लिहिलेलं. तेव्हापासून मीच ठेवते.

आता झोपायला हवं. उद्या काकांच्या आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे आणि सात वाजता मी तिथे हजर पाहिजे, कारण काकांना सुई बघवत नाही. दुपारचा डबा बार्शीकर आणणार आहे, म्हणजे विकतच आणणार. ताशेवालीला क्लास आहे, ती संध्याकाळी येईल आणि डोळ्यांचे थेंब किती वाजता घालायचे यावर सगळ्यांना दटावेल.