साडेसहाची डावी कूस

घरोघरी जाऊन ड्रेसिंग करायचं काम असलं की दार उघडताच निम्मं कळतं, वासावरून. सांगलीच्या गावभागातल्या त्या घरात कसलाच वास नव्हता. आजींची नखं कापलेली, केसांना तेल, चादर ताठ. खिळ्याला एक वही टांगलेली आणि तीत कूस बदलल्याच्या नोंदी: ६ उजवी, ८ पाठ, १० डावी. रात्री दोनची आणि चारचीसुद्धा. मी चौदा वर्षं हॉस्पिटलात काढली. आमच्या वॉर्डातल्या नोंदी इतक्या खऱ्या नसायच्या. रात्रीच्या सगळ्या पहाटे एकाच पेनानं भरल्या जायच्या.

आणि तरी आजींच्या माकडहाडावर जखम होती, आणि ती वाढत होती.

आजी अठ्ठ्याहत्तरच्या, पॅरालिसिसनं उजवी बाजू गेलेली, बोलणं दोन-तीन शब्दांवर आलेलं. घरात त्या आणि त्यांचा मुलगा, दोघंच. दादा मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते, आईसाठी नोकरी सोडली. पुण्याची बहीण फोनवरून सूचना देते. तिनंच मध्ये भोक असलेली रबरी रिंग पाठवली होती. जखमेला हवा लागते म्हणून लोक ती घेतात, पण रिंगच्या काठाचा दाब भोवतालचं रक्त अडवतो आणि जखम आणखी उपाशी राहते. ती मी पहिल्याच दिवशी काढायला लावली. जखमेत हळद भरलेली होती, तीही धुऊन काढली. सांगलीत हे चालायचंच. पण मेलेलं मांस पिवळं असतं आणि हळदही पिवळी, मग जखमेचा तळ मला कसा दिसणार?

जखम वरून दहा रुपयांच्या नाण्याएवढी. पण सलाइनमध्ये भिजवलेली कापसाची काडी कडेखाली सरकवली, तर ती तीन सेंटिमीटर आत गेली. म्हणजे वरची कातडी शाबूत आणि खाली पोकळी. अशी पोकळी दिसली की नुसत्या दाबावर बोट ठेवून भागत नाही, माणूस कुठेतरी घसरतोय का ते शोधावं लागतं. घसरताना कातडी चादरीला चिकटून जागेवर राहते, आतलं हाड मात्र खाली सरकतं. मधल्या बारीक रक्तवाहिन्या ताणल्या जातात, पिळल्या जातात, आणि मांस आतून मरायला लागतं. वरून दिसतं ते उशिरा.

हे मला पाठ होतं. तरी तीन खेपा मी भलतीकडेच शोधत राहिले. एअर बेडचा पंप चालू आहे का, वजनाचा आकडा बरोबर लावलाय का. बेडखाली, बरोबर माकडहाडाच्या रेषेत, तळवा घालून पाहिला. हाताला हाड लागलं तर हवा कमी आहे असं समजायचं. आजी आडव्या असताना मध्ये चांगली इंचभर हवा होती. मग मी अंडी, डाळ, ताक यांवर भाषण दिलं. आम्हाला कारण सापडत नाही तेव्हा आम्ही प्रोटीनवर बोलतो.

दादा विचारायचे, "सिस्टर, माझं काय चुकतंय सांगा की." मी म्हणायचे, "काही नाही हो दादा, वय आहे."

चौथी खेप ऑगस्टमधली. मिरजेहून येताना पावसात अडकले आणि सकाळऐवजी संध्याकाळी पोचले, साडेसहाच्या सुमाराला. दार लोटलेलंच होतं. कॉटची डोक्याकडची बाजू चांगली साठ अंशांवर उचललेली, आजी जवळजवळ बसलेल्या, तोंड खिडकीकडे. दादा खुर्चीतच भिंतीला डोकं टेकून गाढ झोपले होते, हातातला कप तिरका. आजींनी मला पाहिलं आणि अर्ध्या तोंडानं हसल्या. म्हणाल्या, "पाणी?"

सांगलीबाहेरच्यांसाठी सांगते. पावसाळ्यात आमच्याकडे आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी फुटांत विचारतात. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. 2019 साली हे घर बुडालं होतं आणि आजींना होडीतून काढावं लागलं होतं. तेव्हापासून पावसाळ्यात खिडकीतून रस्ता बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. दादा रोज तिन्हीसांजेला त्यांना टेकवून बसवायचे, पातळी सांगायचे, रस्त्यानं कोण गेलं ते सांगायचे. दिवसभरात आजी तेवढ्याच हसायच्या. आणि कूस बदलायची कटकट नाही, आई खुशीत, म्हणून दादांचा डोळाही तेव्हाच लागायचा. कधी तास, कधी तीन तास.

मी काही न बोलता बेडखाली हात घातला. आजींचं हाड थेट माझ्या बोटांवर आलं. माणूस बसता झाला की सगळा भार एका जागी येतो आणि आडवेपणी पुरणारी हवा तिथे पुरत नाही. गाऊन पाठीवर गोळा झालेला. डावी टाच चादरीत रुतलेली. खाली घसरू नये म्हणून बिचाऱ्या चांगल्या पायानं रेटा देत होत्या. टाचेवर लाली होती. बोटानं दाबलं, पांढरी झाली नाही, म्हणजे तिथेही जखम धरू लागली होती.

दादा जागे झाले. मी सांगितलं. हळू सांगायला हवं होतं, पण कारण सापडल्याचा मला आनंद झाला होता, हे लाजत लिहिते. "हे बसवणंच नडतंय," असं एका दमात बोलून गेले. ते बराच वेळ गप्प होते. मग वही काढली आणि मागची पानं उलटत बसले. साडेसहाच्या बसवण्याची कुठेच नोंद नव्हती. ती वेळ त्यांनी कामात धरलीच नव्हती.

"म्हणजे मीच केलं," ते म्हणाले.

डिस्चार्जच्या कागदावर 'दर दोन तासांनी पोझिशन बदला' एवढंच छापलेलं होतं. बसवताना काय करायचं ते हॉस्पिटलात कुणी हातानं करून दाखवलं नव्हतं. हे मी त्यांना म्हणाले. पण तीन खेपा 'वय आहे' म्हणणारी मी होते, हे नाही म्हणाले.

मग दोघांनी मिळून बसवलं. जेवताना उठवायलाच हवं, नाहीतर अशा माणसाचा घास श्वासनलिकेत जातो, आणि जेवणानंतरचा अर्धा तासही. पण आधी गुडघ्याखाली उशी, मग डोकं वर, म्हणजे घसरायला उतार राहत नाही. पोटरीखाली उशी, टाच अधांतरी. बाकी वेळ डोकं तीस अंशांच्या आत. आणि कॉट फिरवली, डाव्या कुशीवर तिरकं झोपवलं की तोंड खिडकीकडे येईल अशी. कॉटच्या पायांखाली विटाही घातल्या. तरी आजींना रस्ता दिसेना. आभाळ, विजेच्या तारा आणि समोरच्या घराचा पत्रा. त्या बराच वेळ बघत राहिल्या, मग डोळे मिटले.

माझे वडील तासगावला भावाकडे असतात. सगळं वहिनी करते. महिन्यातून एकदा मी जाते, त्यांच्या टाचा तपासते आणि तिला चार सूचना देऊन पाचच्या एसटीनं परत येते. तो पाऊस थांबेपर्यंत मी दादांच्या घरीच बसले होते, आणि डोक्यात हेच.

सप्टेंबरच्या शेवटी पोकळी एक सेंटिमीटरवर आली, तळ लाल झाला. त्या खेपेला मी मुद्दाम संध्याकाळी गेले. आजी डाव्या कुशीवर होत्या, उशा जागच्या जागी. पण गाऊन पाठीवर थोडा गोळा झाला होता, आणि कॉटची डोक्याकडची बाजू वर-खाली करायच्या दांड्याला मी हात लावला तर तो अजून गरम होता, दादांच्या मुठीनं. आजी हसत होत्या. पहिलाच शब्द, "छत्री." रस्त्यावर कुणाची तरी छत्री उलटली असणार.

वहीत साडेसहापुढे सुवाच्य अक्षरात 'डावी कूस' लिहिलेलं होतं. मी ड्रेसिंग केलं आणि खाली सही केली.