टवका उडालेला दात आणि इनॅमलचा हिशोब

“डॉक्टर, पुढच्या दाताचा टवका उडालाय. व्हिनिअर बसवू की बाँडिंग करू? आणि त्यासाठी दात घासून कमी करावा लागेल का?”

व्हिनिअर म्हणजे दाताच्या पुढच्या बाजूवर चिकटवायचं पातळ आवरण; बाँडिंग म्हणजे तुटलेला भाग दाताच्या रंगाच्या कंपोझिट रेझिनने भरून काढणं. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण माझा निर्णय बहुतेक वेळा तिथेच होतो. वरच्या पुढच्या दातावर टोकाशी इनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कठीण कवच, साधारण एक मिलिमीटर जाड असतं. हिरडीजवळ ते जेमतेम ०.३ ते ०.५ उरतं. पोर्सेलीनच्या व्हिनिअरला जागा करायला सहसा ०.३ ते ०.७ मिलिमीटर घासावं लागतं. हिरडीपाशी हात जरा जड पडला की इनॅमलखालचा मऊ थर, म्हणजे डेंटिन, उघडा पडतो. त्यावर व्हिनिअर इनॅमलवर धरतं तितकं घट्ट धरत नाही आणि दात शिवशिवू शकतो. घासलेलं इनॅमल परत येत नाही, त्यामुळे तो दात पुढे कायम झाकूनच ठेवावा लागतो.

कॉलेजातली एक मुलगी आली होती. स्टीलची बाटली आपटून दाताचा दोनेक मिलिमीटरचा कोपरा गेलेला. आईचं म्हणणं, “व्हिनिअरच करा, एकदाच काय तो खर्च होऊ दे.” मी बाँडिंग सुचवलं. तुटलेल्या कडेला किंचित उतार दिला, ॲसिडचं जेल लावून धुतलं आणि दात वाळवला. तेव्हा इनॅमल धुकं धरलेल्या काचेसारखं पांढुरकं दिसायला हवं. चकाकत राहिलं तर ॲसिड नीट लागलेलं नसतं, मग पुन्हा लावायचं. त्यावर बाँड हा चिकटवणारा द्रव, मग कंपोझिटचे पातळ थर, प्रत्येक थर निळ्या लाईटखाली कडक करत. भूल लागली नाही, काम एका बैठकीत झालं.

बाँडिंगला दाताला साधारण दोन ते पाच हजार लागतात, व्हिनिअरला दहा ते वीस. मोठ्या शहरात याहून जास्तही. कंपोझिट पाच-सात वर्षं चांगलं राहतं. चहाने, हळदीने पिवळसर होतं, कडेला कपचा उडतो, पण तेवढाच भाग पुन्हा भरता येतो. व्हिनिअर दहा-पंधरा वर्षं टिकतं, त्याचा रंग सहसा बदलत नाही. मात्र तडकलं की बहुधा नवंच करावं लागतं. म्हणजे विशीतल्या मुलीला ते आयुष्यात तीन-चारदा बदलावं लागणार. ‘एकदाच खर्च’ हा हिशोब मला म्हणूनच पटत नाही.

व्हिनिअर मी सुचवते ते दात आतून काळवंडला असेल किंवा बाँडिंग वारंवार निघत असेल तेव्हा. सुळ्याशेजारचा दात जन्मतः बारीक असेल, तर जागा आधीच असते. तिथे दोन्हींपैकी काहीही जवळजवळ न घासता बसतं.

झोपेत दात खाण्याची सवय असेल तर आधी सांगा; रात्री नाईट गार्ड लावल्याशिवाय दोन्हीही लवकर तुटतील. आणि दात पांढरे करून घ्यायचे असतील तर ते आधी करा, मग दोन आठवडे थांबा. ब्लीचिंगनंतर लगेच बाँड नीट धरत नाही, आणि कंपोझिट किंवा पोर्सेलीन नंतर ब्लीचने उजळत नाही.