बोअरात सोडायचं की टाकीत?

अमरावती जिल्ह्यातलं दर्यापूर खारपाणपट्ट्यात येतं, म्हणजे इथे जमिनीखालचं पाणीच खारं. इथल्या सोसायटीला पावसाचं पाणी साठवायचं काम विकायला जाताना मोठ्या शहरांतली छापील माहितीपत्रकं मी घरीच ठेवतो, कारण त्यांत बोअर पुनर्भरणाच्या, म्हणजे गच्चीचं पाणी बोअरात सोडण्याच्या, पुढे काही नसतं. परवाच्या मीटिंगमध्ये माझं कोटेशन नेमकं त्याच मुद्द्यावर अडलं, आणि तो मुद्दा अजून डोक्यातून जात नाही.

बारा फ्लॅटची तीन मजली इमारत. मीटिंग संध्याकाळी होती, पण मी उजेड असतानाच गच्चीवर गेलो. कमिटीला वाटतं आम्ही फक्त क्षेत्रफळ मोजतो. खरं काम असतं गच्चीवर काय काय सांडतं ते बघण्याचं. इथे वरच्या टाकीचा ओव्हरफ्लो पाइप सरळ गच्चीवर सोडलेला होता आणि त्याच्या तोंडापासून पन्हाळीपर्यंत मिठाचा पांढरा पट्टा उमटला होता. पंप बंद करायला कुणी विसरलं की बोअरचं खारं पाणी त्याच वाटेने खाली जाणार. हा पाइप वेगळा केला नाही, तर साठवलेलं गोडं पाणी एका रात्रीत बिघडेल.

मीटिंगमध्ये मी मीटर काढला. बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे एका लिटरमध्ये विरघळलेले क्षार, 2,800 मिलिग्रॅम निघाला. पिण्याच्या पाण्यासाठी मानकात 500 ची मर्यादा आहे, दुसरी सोयच नसेल तर 2,000 पर्यंत चालवून घेतात. मागच्या पावसाळ्यात भरून ठेवलेल्या बाटलीत मीटर बुडवला, तर आकडा 40 च्याही खाली. कोपऱ्यातल्या काकू लगेच म्हणाल्या, "मंग या पाण्यात डाळ शिजन का?" शिजेल, म्हटलं.

सेक्रेटरींचा हिशोब आधीच झालेला होता. "भाऊ, ते टाकी-बिकी राहू द्या. दुसरा एक जण चाळीस हजारात पाइप बोअरमंदी सोडून देतो म्हनते. बोअर गोडा होते म्हने. तुमी सहा लाख कायचे सांगून राह्यले?"

मी कागद पुढे ओढला. गच्ची 300 चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. साडेसातशे मिलिमीटर पाऊस धरला आणि वाया जाणारं वगळलं तरी 1,80,000 लिटर मिळतं. प्यायला आणि स्वयंपाकाला घरटी रोज 20 लिटर म्हणजे बारा घरांना 240, आणि ऑक्टोबर ते मे असे आठ महिने काढायला साधारण 58,000. म्हणून टाकी 60,000 लिटरची. पाऊस निम्मा झाला तरी ती भरते.

बोअरचं मात्र तसं नाही. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला गाळाचा थर शेकडो मीटर जाड आहे आणि खारेपणा त्या थरातच आहे. गच्चीचं पाणी आत सोडलं तर बोअरच्या आजूबाजूला थोडे दिवस आकडा उतरतो, उपसा सुरू राहिला की खारं पाणी पुन्हा सरकून येतं. शिवाय गाळणी न लावता सोडलं तर कबुतरांची घाणही थेट बोअरात. चाळीस हजारात गाळणी बसवणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही, आणि "बोअर गोडा होतो" असं सांगून काम घेणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

सहा लाख का, तेही सांगितलं. खाली काळी माती आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि विटांची टाकी दोन उन्हाळ्यांत तडकते. म्हणून काळी माती उपसायची, खाली आणि चारही बाजूंनी मुरूम दाबायचा आणि मग आरसीसी टाकी. हा खर्च पार्किंगमध्ये गाडला जातो, कुणाला दिसत नाही, म्हणून तोच आधी कापायला सांगतात. इथेही सांगितलं. मी मुरुमाला हात लावू दिला नाही.

शेवटी अध्यक्ष म्हणाले, "असं करा जी, टाकी पुढच्या साली पाहू. आता बोअरचंच तुमी करून द्या, आन् पाणी गोडं होईन असं लेटरहेडवर लिहून द्या. लोकाईले दाखवाले होते."

लिहून देणार नाही, म्हणालो. खोली गप्प झाली. काकूंनी तेवढ्यात विचारलं, टाकी निम्मी केली तर? 30,000 लिटर जपून वापरलं तर जानेवारीअखेरपर्यंत पुरेल, पुढे कॅन घ्यावे लागतील. पण टाकी नंतर वाढवता येत नाही, दुसरी खोदावी लागते, हेही तिथेच सांगून टाकलं.

निर्णय आमसभेवर ढकलला आहे. चाळीस हजारवालाही येणार आहे म्हणे. मी नवं कोटेशन पाठवलं, त्यात 60,000 आणि 30,000 असे दोनच पर्याय आहेत. ओव्हरफ्लोचा पाइप वेगळा करायचे साडेतीनशे रुपये मात्र वेगळ्या ओळीत लिहिले, काम कुणालाही दिलं तरी तेवढं करून घ्या म्हणून.