फ्रिजवाल्या दादांबद्दल

गुरुवार, रात्री

पंधरवडाभर आमच्या फ्रिजची तऱ्हाच वेगळी होती. वर फ्रीझरमध्ये बर्फ नेहमीसारखा धरायचा, पण खालच्या कप्प्यात सकाळी तापवून ठेवलेलं दूध संध्याकाळी नासायचं. दुधाचं एक वेळ चालेल, पण बाबांचं इन्सुलिन तिथेच असतं आणि ते २ ते ८ अंशांतच राहायला हवं. एक दिवस फ्रिज बंद ठेवून पुन्हा चालू केला, तर खालीही छान गार व्हायला लागला. आठवड्यात परत तेच. आधी आलेल्या गृहस्थांनी काहीच न उघडता "गॅस गेलाय, भरावा लागेल" असं सांगून टाकलं.

मग मावशींनी या दादांचा नंबर दिला. दहा वाजता येतो म्हणाले आणि दहाला दारात होते. आत आल्यावर हत्यारांच्या पिशवीला हात लावण्याआधी त्यांनी विचारलं, "ताई, आत कुणाची औषधं आहेत का? काम तीन-चार तास चालेल." इन्सुलिन शेजारच्या काकूंच्या फ्रिजमध्ये ठेवून आले, तेव्हाच त्यांनी प्लग काढला. इतक्या घरांत फ्रिज दुरुस्त करून घेतले, पण हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता.

बंद ठेवल्यावर फ्रिज बरा झाला होता, हे ऐकूनच त्यांना बहुतेक अंदाज आला. फ्रीझरच्या मागचा पत्रा खोलून त्यांनी मला बोलावलं. आतली कॉइल वरपासून खालपर्यंत बर्फाने गच्च भरली होती. "गॅस कमी असता तर सुरुवातीच्या एक-दोन नळ्यांवरच बर्फ दिसला असता, बाकीच्या कोरड्या. इथं सगळीकडं सारखा आहे, म्हणजे गॅस ठीक आहे." थंड हवा या कॉइलमधूनच पंख्याने खाली ढकलली जाते. बर्फाने वाटच बुजली, की फ्रीझर तेवढा गार राहतो आणि खाली हवा पोचत नाही. हा बर्फ वितळवायला कॉइलखाली हीटर असतो, तो ठरावीक वेळाने आपोआप लागतो. आमचा लागतच नव्हता.

बर्फ काढताना त्यांनी स्क्रूड्रायव्हर जवळही येऊ दिला नाही. कॉइलची नळी अॅल्युमिनियमची, टोक लागलं की भोक, आणि मग खरोखरच गॅस जातो. कोमट पाणी थोडं थोडं ओतत, मधून हेअर ड्रायर फिरवत, खाली फडकी बदलत त्यांनी तासभर सावकाश बर्फ उतरवला. पाणी जायचं भोकही बुजलं होतं, तेही मोकळं केलं.

पुढचं मी कौतुकाने बघत राहिले. मल्टिमीटरवर हीटर ठीक निघाला, फ्यूजही ठीक. राहिलं बायमेटल, म्हणजे कॉइलला चिमटलेली ती गोल डबी. थंडीत ती जोडली जाते तेव्हाच हीटरला वीज मिळते. त्यामुळे खोलीच्या तापमानाला तपासून तिचा दोष कळत नाही. दादांनी वाटीत बर्फ मागितला आणि वर मूठभर मीठ. "नुसता वितळता बर्फ शून्यावरच थांबतो. हिला त्याहून जास्त थंडी लागते." जुनी डबी त्यात पुरून ठेवली, मीटर गप्प. मग नवी त्याच वाटीत ठेवली. थोड्या वेळाने आतून बारीकसा "टक" आवाज आला आणि मीटर वाजायला लागला. बाबाही खुर्ची ओढून बघत होते.

सामान आणि मजुरी धरून ₹७५० झाले. बिलावर काय बदललं ते लिहिलं आणि जुनी डबी माझ्या हातात दिली. नव्या इन्व्हर्टर फ्रिजमध्ये बऱ्याचदा या डबीऐवजी सेन्सर आणि बोर्ड असतो, आणि बोर्ड दुरुस्त करणं आपलं काम नाही, हेही त्यांनी स्वतःहून सांगितलं. जाताना म्हणाले, "आठवड्याने फोन करतो. खरी परीक्षा तेव्हाच."

आज दुपारी फोन आला. मागच्या पत्र्यावर बर्फ धरलाय का, खाली दूध कसं आहे, विचारलं. पत्रा स्वच्छ आहे, दूध दोन-दोन दिवस टिकतंय आणि इन्सुलिन घरी परत आलंय. मी मनापासून आभार मानले आणि काकूंच्या वॉशिंग मशीनचंही बघाल का विचारलं. "ते मला नीट येत नाही ताई, उगाच हात घालणार नाही," म्हणाले आणि ज्यांना येतं त्यांचा नंबर पाठवला. काकूंनी लगेच फोन लावला. उद्या सकाळी येणार आहेत.